सुई हातात होती की नाही?

"मॅडम, वॉज-वेअर आणि आयएनजी सगळं पाठ आहे हो. पण एक काम चालू असताना मधेच दुसरं काही झालं हे सांगायला गेलं की तोंडातून सगळं साध्या भूतकाळातच येतं."

हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता एका नर्सताईंचा किस्साच सांगते, ओळख अर्थातच बदलून. परदेशातल्या नोकरीसाठी त्यांची इंग्लिशची तयारी चालली होती. आधीच्या क्लासमधे त्यांना सांगितलेलं, मराठी डोक्यातून काढून टाका. मला हे कधीच पटलेलं नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्यांचं बघून तर आणखीनच नाही.

मी म्हटलं, वॉर्डातला एखादा प्रसंग सांगा. त्या म्हणाल्या, 'आय गेव्ह द इंजेक्शन व्हेन द ओल्ड मॅन फेल.'

"म्हणजे आजोबा पडले आणि मग तुम्ही त्यांना इंजेक्शन दिलंत?"

"नाही हो मॅडम! मी शेजारच्या बेडवरच्या बाईंना देत होते, तेवढ्यात आजोबा पडले!"

"थांबा. आत्ता जे बोललात तेच परत बोला."

देत होते... पडले. त्या स्वतःच हसायला लागल्या. फरक मराठीत त्यांनी न चुकता केला होता, कोणी न शिकवता! मग मी एवढंच विचारलं, आजोबा पडले त्या क्षणी इंजेक्शन देऊन झालेलं, की सुई हातात होती, की अजून द्यायचंच होतं? देऊन झालेलं असेल तर 'हॅड गिव्हन', सुई हातात असेल तर 'वॉज गिव्हिंग', आणि पडल्यावर दिलं तर 'गेव्ह'. पडणं मात्र तिन्हीकडे 'फेल'च राहतं, कारण ते एका झटक्यात होऊन गेलं. घटनेचा रिपोर्ट लिहिताना हा फरक चुकला तर भलतंच चित्र उभं राहतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळलं.

पण मराठी एका ठिकाणी दगा देते, ते मी मुद्दाम नंतरसाठी ठेवते. पुढच्या वेळी त्यांना सांगायचं होतं, अलार्म वाजला तेव्हा पेशंट झोपला होता, आणि त्या म्हणाल्या 'हॅड स्लेप्ट'. साहजिकच आहे, 'झोपला होता' तसंच दिसतं ना. झोपणं, बसणं, अंगात कपडे असणं, यांना आपण 'ला होता' लावतो, माणूस अजून त्याच अवस्थेत असला तरी. इंग्लिशला तिथे 'वॉज स्लीपिंग', 'वॉज सिटिंग', 'वॉज वेअरिंग' लागतं. म्हणून इथे मराठी शेपटाकडे बघायचं नाही, तोच सुईवाला प्रश्न विचारायचा: त्या क्षणी झोप चालू होती का? होती, मग आयएनजी.

फक्त 'मला माहीत होतं' आणि 'मला हवं होतं' यांना हा प्रश्न लावू नका, माहीत असणं त्या क्षणी चालू असलं तरी इंग्लिशमधे ते 'न्यू' आणि 'वाँटेड'च, 'वॉज नोइंग' ऐकलं की मी अजूनही पेन खाली ठेवते.