रिलीज फॉर्मवर सही कोणाची हवी?

पहिल्या लघुपटाआधी तुम्ही कलाकार, अल्पवयीन मुले आणि जागा यांचे तिन्ही रिलीज फॉर्म, म्हणजे चित्रीकरण वापरण्याचे लेखी परवानगीपत्र, तयार ठेवले आहेत, हे उत्तमच. पण प्रत्येक फॉर्मवर सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे आधी तपासा.

कलाकाराच्या फॉर्ममुळे त्याचा चेहरा, आवाज आणि अभिनय वापरण्याची परवानगी मिळते. त्यात माध्यम, प्रदेश, मुदत आणि जाहिरातीतील वापर स्पष्ट लिहावा. नुसते ‘महोत्सवासाठी’ असे लिहिले, तर पुढे ओटीटीला चित्रपट देताना पुन्हा सही मागावी लागते.

अल्पवयीन मुलाची स्वतःची सही सहसा बंधनकारक नसते, म्हणून पालकाची किंवा कायदेशीर पालनकर्त्याची सही घ्यावी. सेटवर सोबत आलेल्या मावशीची किंवा शिक्षकांची चालत नाही. बालकलाकाराच्या कामाचे तास आणि सरकारी परवाना या बाबी मात्र या फॉर्मने सुटत नाहीत.

सर्वाधिक चूक जागेच्या बाबतीत होते. आम्ही एका घरात दोन दिवस चित्रीकरण केले आणि सही भाडेकरूची घेतली. संकलन संपत आले तेव्हा घरमालकाने हरकत घेतली, आणि त्याची लेखी संमती मिळेपर्यंत वितरकाने चित्रपट स्वीकारला नाही. जागेचा फॉर्म प्रवेशाची आणि ती जागा पडद्यावर दाखवण्याची परवानगी देतो. भिंतीवरच्या चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडेच असू शकतो, तेव्हा ते चित्र काढून ठेवा किंवा त्याची वेगळी परवानगी घ्या.