उसाच्या चिपाडाचा कोळसा आणि प्लॅटिनमची तार

प्रश्न: पीएचडीच्या कमिटीसमोर उद्या प्रेझेंटेशन आणि आज रात्री प्रयोगच फसला, असं कोणाचं झालंय का? नेमकं काय झालं होतं आणि मग कमिटीला काय सांगितलंत?

झालंय. ऊसपट्ट्यातल्या एका विद्यापीठात, माझ्या तिसऱ्या वर्षी. विद्यापीठाचं नाव सांगत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून तिथेच आहेत.

माझा विषय होता पाण्यापासून हायड्रोजन. पाण्यातून वीज सोडून हायड्रोजन काढायला सगळ्यात चांगला उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम, आणि ते महाग. म्हणून मी उसाची चिपाडं युरियाबरोबर भट्टीत भाजून नायट्रोजन मिसळलेला कोळसा करत होते आणि तो प्लॅटिनमच्या जागी चालतो का ते बघत होते. मोजमाप सोपं आहे: चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह मिळवायला किती जादा व्होल्टेज द्यावं लागतं. जितकं कमी तितकं चांगलं. आम्लात प्लॅटिनमला साधारण ३० मिलिव्होल्ट पुरतात. माझ्या कोळशाला सुरुवातीला ३८० लागायचे, पण व्होल्टेज खालीवर करत हजार फेऱ्या मारल्या की ते ९५ वर यायचे. धातूचा कणही नसलेला, चिपाडाचा कोळसा, आणि ९५! आम्ही त्या सुधारणेला ‘सक्रियण’ असं भारदस्त नाव दिलं होतं. त्यावरचा पेपर एका जर्नलकडे गेलेला होता.

सहा महिन्यांपूर्वीच्या आरएसीत, म्हणजे याच कमिटीच्या बैठकीत, बाहेरून आलेले सदस्य एवढंच म्हणाले होते, “तीन वेगवेगळे इलेक्ट्रोड करून दाखवा.” दोन झाले होते. तिसरा मी आदल्या दिवसावर ढकलला होता, कारण तो येणारच याची खात्री होती.

त्या दुपारी प्लॅटिनमच्या तारेचा काचेच्या नळीतला सांधा तुटला. ही तार म्हणजे काउंटर इलेक्ट्रोड, सर्किट पुरं करणारं दुसरं टोक. तिच्यावर काय होतं याकडे कोणी बघत नाही, सगळं लक्ष आपल्या कोळशावर. ज्युनिअर म्हणाला, “ताई, ग्राफाइटची कांडी आहे माझ्याकडे, ती लावा.” लावली. संध्याकाळी पाचला फेऱ्या सुरू केल्या. शून्य ते उणे ०.५ व्होल्ट आणि परत, सेकंदाला १०० मिलिव्होल्टच्या वेगाने. म्हणजे एक फेरी १० सेकंदांची आणि हजार फेऱ्यांना पावणेतीन तास. मी कँटीनमध्ये जाऊन जेवून आले.

सुरुवातीला ३८०. हजार फेऱ्यांनंतर ३७५.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजतात तो रेफरन्स इलेक्ट्रोड बिघडला असेल म्हणून तो दुसऱ्या लॅबच्या रेफरन्सशी ताडून बघितला, फरक दोन-तीन मिलिव्होल्टचा. म्हणजे तो ठीक. कोळसा ज्यावर बसवतात ती ग्लासी कार्बनची चकती ॲल्युमिनाच्या पावडरवर पुन्हा घासली, कोळशाची नवी इंक केली, थेंब टाकला, वाळवला, पुन्हा मोजलं. पुन्हा ३८०च्या आसपास. बुडबुडा अडकलाय का, क्लिप गंजलीय का, आम्ल जुनं आहे का, सगळं बघून झालं. दहा वाजता वॉचमनमामा कुलूप लावायला आले. रात्री थांबायच्या परवानगीचं पत्र दाखवलं, तर ते वाचून म्हणाले, “तारीख उद्याची आहे मॅडम.” खरंच होती. तरी त्यांनी दार उघडं ठेवलं.

साहजिकच मनात आलं, ग्राफाइटच वाईट असणार. कांडीचा विद्युतरोध जास्त असेल, ती प्रवाह अडवत असेल. हे पटत होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते पटायला हवं होतं. उद्या ‘काउंटर इलेक्ट्रोड बदलावा लागला’ असं एक वाक्य टाकून दोनच इलेक्ट्रोड दाखवता आले असते.

पण गेल्या महिन्यातला दुसरा इलेक्ट्रोड, तो ९५ वाला, डबीत तसाच ठेवलेला होता. ग्राफाइट खरंच अडवत असेल तर त्याच्यासमोर हा इलेक्ट्रोडही पडायला हवा. ताजं आम्ल ओतलं, ग्राफाइट तेच ठेवलं, जुना इलेक्ट्रोड लावला. १०० मिलिव्होल्ट.

तिथे मी स्टुलावर बसले. कांडी निर्दोष होती. कोळसा दोन्हीकडे एकाच भट्टीतला, एकाच बाटलीतला. फरक एकच: जुन्या इलेक्ट्रोडने हजार फेऱ्या प्लॅटिनमच्या तारेसमोर काढल्या होत्या, नव्या इलेक्ट्रोडने ग्राफाइटसमोर.

काय घडत असणार हे मग पाच मिनिटांत कळलं, आणि अडीच वर्षं का कळलं नाही याचा राग आला. इकडे कोळशावर हायड्रोजन निघतो तेव्हा समोरच्या तारेवर तेवढंच ऑक्सिडीकरण व्हावं लागतं. तारेचं व्होल्टेज चढतं, तिच्यावर ऑक्साइडचा थर बसतो. फेरी उलटली की व्होल्टेज उतरतं आणि थर निघतो. या बसण्या-निघण्यात दरवेळी चिमूटभराहूनही कमी प्लॅटिनम आम्लात विरघळतं. त्यात आमचा रेफरन्स क्लोराइडवाला, त्यातून झिरपणारं क्लोराइड प्लॅटिनम विरघळायला मदतच करतं. (गंधकाम्लात काम करताना मर्क्युरस सल्फेटचा रेफरन्स वापरा म्हणतात ते यासाठीही. आमच्याकडे तो नव्हता.) विरघळलेलं प्लॅटिनम जातं कुठे? समोरच्या ऋण टोकावर, म्हणजे माझ्या कोळशावर. सोनार दागिन्यावर मुलामा देतो, अगदी तसं. चौरस सेंटिमीटरला मायक्रोग्रॅमच्या आसपास बसलं तरी आकडे पालटतात, आणि डोळ्याला काहीही दिसत नाही.

खूणसुद्धा आधीच समोर होती. व्होल्टेज किती वाढवलं की प्रवाह दहापट होतो, त्याला टाफेल उतार म्हणतात. माझ्या कोळशाचा उतार सुरुवातीला १२० होता आणि फेऱ्यांनंतर ३८. प्लॅटिनमचा असतो ३०च्या जवळ. कोळसा ‘सक्रिय’ होत नव्हता, तो हळूहळू प्लॅटिनमसारखा वागायला लागला होता. हा आलेख मी स्वतः रंग भरून पेपरात टाकला होता.

तरी हा सगळा तर्कच होता. पुरावा हवा होता, आणि तो त्या रात्री करता येण्यासारखा होता. टायरमध्ये घालतात त्या जातीचं साधं कार्बन ब्लॅक लॅबमध्ये होतं, त्यात ना चिपाड ना नायट्रोजन. त्याचा इलेक्ट्रोड केला. प्लॅटिनमची तुटकी तार थेट मगरक्लिपमध्ये पकडली, क्लिप आम्लाला लागणार नाही अशी. सेल आधी अम्लराजाने धुतला, कारण काचेला चिकटलेलं जुनं प्लॅटिनम राहिलं तर पुन्हा शंकेला जागा. साडेअकराला हजार फेऱ्या लावल्या.

सुरुवातीला त्या कार्बनला अर्ध्या व्होल्टमध्ये १० मिलिअँपिअर गाठताच येत नव्हते. सव्वादोनच्या सुमाराला फेऱ्या संपल्या. १५० मिलिव्होल्ट.

टायरचा कोळसासुद्धा ‘सक्रिय’ झाला होता.

सरांना पहाटे साडेपाचला फोन केला, ते तेव्हा फिरायला निघतात. सगळं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, फक्त चपलांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “म्हणजे आपण कोळशाला प्लॅटिनमची कल्हई करून घेतली.” आणि लगेच, “पेपर आज मागे घ्यायचा. स्लाइड्स तू बदल, मी येतो नऊला.”

बावीस स्लाइड्सच्या नऊ झाल्या. चार आलेख: जुना इलेक्ट्रोड प्लॅटिनमसमोर, नवा ग्राफाइटसमोर, जुनाच ग्राफाइटसमोर, आणि साधा कार्बन प्लॅटिनमसमोर. अकराला आरएसी सुरू झाली. पहिल्या आलेखावर सगळे माना हलवत होते, तिसऱ्यावर बाहेरच्या सदस्यांनी चष्मा काढला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. प्लॅटिनम खरंच बसलंय हे रासायनिक तपासणीने दाखवलंय का? नाही, नमुने आज पाठवते. आणि ग्राफाइट तरी निर्दोष कशावरून? हा प्रश्न बरोबर होता. ग्राफाइटही झिजतं, खूप वेळ चाललं की आम्ल पिवळसर होतं, भुकटी सुटते. फक्त ती भुकटी हायड्रोजन काढायला मदत करत नाही, त्यामुळे खोटा आनंद तरी होत नाही. तरीही ती काचेच्या जाळीआड ठेवायचं ठरलं.

आता तुम्हाला खरं ऐकायचंय ते. कमिटीने पाठ थोपटली वगैरे काही नाही. शेऱ्यात ‘सर्व मोजमापे नव्याने करावीत’ असं लिहिलं, आणि माझी फेलोशिप ज्युनिअरची सीनिअर, म्हणजे जेआरएफची एसआरएफ होण्याचं पत्र चार महिने लांबलं. घरी ते समजावणं कमिटीपेक्षा अवघड गेलं. आई विचारायची, “पण मशीन बिघडलं तर तुझे पैसे का अडवले?” मशीन बिघडलंच नव्हतं, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

तपासणीचा अहवाल तीन आठवड्यांनी आला. जुन्या दोन्ही इलेक्ट्रोडवर प्लॅटिनम होतं, ग्राफाइटवाल्यावर नव्हतं. चिपाडाचा कोळसा हायड्रोजनसाठी ३७५ वरच राहिला आणि प्रबंधात त्याची रवानगी वीज साठवणाऱ्या सुपरकॅपॅसिटरच्या प्रकरणात झाली. तिथे तो बरा चालला.

वर्षअखेरीस स्टॉक तपासणीला क्लार्क आले. मौल्यवान धातू असल्याने तार तोलावी लागते. आमच्या काट्याला एक दशांश मिलिग्रॅमच्या खालचं दिसत नाही. तार ठेवली, त्यांनी रजिस्टरातला जुना आकडा बघितला, काट्यावरचा बघितला, आणि ‘वजन बरोबर’ म्हणून सही केली.