क्यूजीआयएसमध्ये तासगावचे पॉइंट नॉर्वेच्या वर समुद्रात का दिसतात?

प्रश्न: तासगाव तालुक्यातल्या द्राक्षबागांची लोकेशन फोनवरून घेतली, एक्सेलमध्ये भरली आणि सीएसव्ही करून क्यूजीआयएसमध्ये टाकली. एरर काहीच येत नाही, पण सगळे पॉइंट नॉर्वेच्या वर समुद्रात पडतात. मित्र म्हणतो लॅट-लाँग उलटं झालंय. हे होतं कशामुळे, आणि पुढच्या वेळी लगेच कसं ओळखायचं?

उत्तर:

मित्राचं बरोबर आहे. तासगाव साधारण 17.03 उत्तर अक्षांश आणि 74.60 पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे अदलाबदल करून वाचले तर 74.60 उत्तर, 17.03 पूर्व होतात. ती जागा नॉर्वेची मुख्य भूमी आणि स्वालबार्ड यांच्या मधल्या समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या छोट्या बेटाच्या पश्चिमेला साठेक किलोमीटरवर येते. सातारा, कराड, मिरज, जत, काहीही उलटं टाका, सगळं त्याच बेटाच्या आसपास पाण्यात जाऊन पडतं. आपल्याकडच्या डेटावर काम करणाऱ्याने हे बेट एकदा नकाशावर बघून ठेवावं. तिथे पॉइंट दिसले की बाकी काही तपासायची गरज उरत नाही.

तुमच्या बाबतीत घोळ बहुतेक एकाच खिडकीत झालाय. Add Delimited Text Layer उघडल्यावर Point coordinates खाली X field आणि Y field असे दोन रकाने येतात. कॉलमांची नावं lat, lon अशी असली तर क्यूजीआयएस स्वतःच ओळखून भरतो. मराठीत 'अक्षांश', 'रेखांश' लिहिलं असेल तर ते काम आपल्याकडे येतं. मग अक्षांशाचा कॉलम आधी आहे म्हणून तो X मध्ये टाकला जातो. X मध्ये रेखांश हवा, Y मध्ये अक्षांश.

इथे चुकणाऱ्यांचं एक कारण मला फार वेळा दिसलंय. शाळेच्या नकाशात अक्षवृत्तं आडवी काढलेली असतात, आणि X अक्षही आडवा. म्हणून अक्षांश म्हणजे X, असं डोक्यात पक्कं बसतं. पण रेघ आडवी असली तरी अक्षांशाचा आकडा वाढतो तो खालून वर, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना. सांगलीहून साताऱ्याला गेलात की 16.85 चा 17.68 होतो. वर-खाली मोजणारा आकडा Y, डावी-उजवीकडे मोजणारा X. रेघ कशी दिसते ते विसरा, आकडा कुठल्या दिशेने वाढतो ते बघा.

आता सगळ्यांनी मिळून एकच क्रम का धरला नाही? कारण दोन घराणी वेगळी आहेत. दर्यावर्दी आणि भूगोलवाले अक्षांश आधी सांगत आले. अक्षांश मोजणं जुन्या काळापासून जमत होतं: अजिंक्यताऱ्यावर रात्री उभं राहून ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर आहे ते मोजलं तर साधारण पावणेअठरा अंश येतात, तोच साताऱ्याचा अक्षांश. समुद्रावर रेखांश काढायला मात्र अचूक घड्याळ लागायचं, आणि जॉन हॅरिसनच्या तशा घड्याळाची समुद्रावरची चाचणी व्हायला 1761 उजाडलं. दुसरीकडे गणितवाले आणि ग्राफिक्सवाले X आधी लिहिणार, Y नंतर. नकाशाचं सॉफ्टवेअर या दोघांनी मिळून घडवलं आणि कोणीच आपली सवय सोडली नाही.

म्हणून गूगल मॅप्समध्ये बोट दाबून ठेवलं की अक्षांश आधी मिळतो, तर जिओजेसनच्या नियमात, म्हणजे 2016 च्या RFC 7946 मध्ये, रेखांश आधी. केएमएल फाइलमध्येही रेखांश आधी, पोस्टजीआयएसच्या ST_MakePoint मध्येही तसंच. सगळ्यात मजा वेबपानावर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटची. एकाच लायब्ररीत, एकाच पानावर, हे दोन्ही बरोबर असतात:

```js
L.marker([16.85, 74.58]).addTo(map);
L.geoJSON({
  type: "Point",
  coordinates: [74.58, 16.85]
}).addTo(map);
```

दोन्ही पॉइंट सांगलीतच पडतात. वरच्या ओळीत लीफलेटचा स्वतःचा क्रम आहे, खाली जिओजेसनचा. एका ठिकाणचा आकडा कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की गाडी थेट आर्क्टिकला.

एरर का येत नाही, हा खरा त्रासाचा भाग. अक्षांश शून्य ते 90 पर्यंत चालतो आणि आपला रेखांश 74. संगणकाच्या दृष्टीने 74 उत्तर ही अगदी खरी जागा आहे, त्यामुळे तक्रार कशाबद्दल करणार? गुवाहाटीवाले या बाबतीत नशीबवान. त्यांचा रेखांश 91 च्या पुढे असल्याने उलटं टाकलं की तो अक्षांश म्हणून बसतच नाही आणि तपासणी ठेवलेली असेल तर प्रोग्राम तिथेच अडतो. कोलकात्याचा पॉइंट 88 उत्तरेला, ध्रुवाजवळ जातो. वेबवरचे नेहमीचे नकाशे 85 अंशांच्या जरा पुढे संपतात, त्यामुळे तो दिसतच नाही. महाराष्ट्राचा डेटा मात्र गुपचूप चुकतो.

नकाशा समोर असेल तर निदान डोळ्याला दिसतं. नकाशा न उघडता नुसती अंतरं किंवा क्षेत्रफळं काढणाऱ्यांचं काय होतं ते सांगतो, कारण नुकसान तिथे होतं. सातारा शहर (17.68, 74.02) ते सांगली (16.85, 74.58) हे सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर. आकडे उलटे दिले तर उत्तर येतं साधारण 67. बरं, 67 हा आकडा वेडावाकडा दिसत नाही. एक्सेलच्या कॉलममध्ये तो कोणाच्या नजरेत भरणार नाही.

क्षेत्रफळाचं याहून वाईट. ध्रुवाकडे जाल तशा रेखांशाच्या रेघा जवळ जवळ येतात. तासगावजवळ रेखांशाचा एक अंश म्हणजे 106 किलोमीटरच्या आसपास, आणि 74.6 उत्तरेला तोच एक अंश फक्त तीसेक किलोमीटर. अक्षांशाचा अंश दोन्हीकडे जवळपास सारखाच, 111 च्या आगेमागे. त्यामुळे एका एकराच्या बागेची हद्द उलटी भरून पृथ्वीचा गोलाकार धरून क्षेत्रफळ काढलं तर 40 गुंठ्यांच्या जागी सुमारे 11 गुंठे येतात. सातबाऱ्याशी ताडून बघताना प्रत्येक प्लॉट साधारण पावपट, किंचित जास्त, असा सारख्याच प्रमाणात कमी येत असेल तर मोजणाऱ्याच्या मागे लागू नका, आधी कॉलम बघा. मोजणीतली चूक एवढ्या शिस्तीत येत नसते.

आकारावरूनही कळतं. उलटा डेटा नुसता सरकत नाही, आरशात बघितल्यासारखा पलटतो. आपली कृष्णा महाबळेश्वरहून वाई, कराड करत आग्नेयेकडे सांगलीला येते. तिची लाइन उलटी टाकली तर ती वायव्येकडे वाहताना दिसेल.

लगेच ओळखायची युक्ती अशी. भारताची मुख्य भूमी साधारण 8 ते 37 अक्षांश आणि 68 ते 97 रेखांश यांत बसते. म्हणजे भारतात कुठेही अक्षांश रेखांशापेक्षा मोठा असू शकत नाही. सातारा-सांगलीत तर दोन्ही आकडे पाठच होऊन जातात: 16, 17 किंवा 18 दिसला की अक्षांश, 73, 74 किंवा 75 दिसला की रेखांश. सहा-सात जणांनी वेगवेगळ्या ॲपवरून आकडे गोळा केले असतील तर काही ओळी सुलट आणि काही उलट, अशी खिचडी होते. अशा फाइलमध्ये सगळे कॉलम सरसकट बदलून भागत नाही, कारण सुलट होत्या त्या उलट होतात. आकडे B आणि C मध्ये असतील तर दोन नवीन कॉलम करा:

```
D2:  =MIN(B2:C2)
E2:  =MAX(B2:C2)
```

D हा अक्षांश, E हा रेखांश, मूळ क्रम काहीही असो. फॉर्म्युला लावण्याआधी रिकामे रकाने बाजूला काढा, नाहीतर एकच आकडा दोन्हीकडे येईल. हे फक्त भारतातल्या डेटासाठी. युरोपातला डेटा असेल तर याने वाटच लागेल. पूर्ण लेअर एकसारखा उलटा असेल तर एक्सेलमध्ये परत जायचीही गरज नाही, क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये Swap X and Y coordinates आहे.

पायथन वापरत असाल तर एक खड्डा आधीच दाखवून ठेवतो. EPSG:4326 च्या, म्हणजे जीपीएसच्या नेहमीच्या अक्षांश-रेखांश पद्धतीच्या, अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आहे, पण वर्षानुवर्षं बहुतेक सॉफ्टवेअर तिकडे दुर्लक्ष करून रेखांश आधी घेत आलं. 2019 मध्ये, क्यूजीआयएससारखी सॉफ्टवेअर जिच्यावर चालतात त्या जीडॅल लायब्ररीची तिसरी आवृत्ती आली आणि तिने व्याख्येप्रमाणे वागायला सुरुवात केली. त्यामुळे वर्षानुवर्षं नीट चाललेल्या स्क्रिप्ट अपडेटनंतर उलटी उत्तरं देऊ लागल्या. pyproj मध्ये क्रम आपणच ठामपणे सांगून टाकावा:

```python
from pyproj import Transformer
t = Transformer.from_crs("EPSG:4326", "EPSG:32643", always_xy=True)
print(t.transform(74.58, 16.85))
```

EPSG:32643 ही मीटरमध्ये मोजणारी पद्धत, त्यामुळे सांगलीसाठी पहिला आकडा साधारण 4 लाख 55 हजार आणि दुसरा 18 लाख 63 हजार मीटर यायला हवा. always_xy काढून हीच ओळ चालवली तर 74.58 हा अक्षांश धरला जातो आणि भलतंच काही हाती येतं. नवीन मशीनवर काम सुरू करताना ओळखीच्या एका गावाचा पॉइंट असा आधी फिरवून बघायची सवय लावून घ्या.

आणि प्रत्येक चुकलेला पॉइंट उलटाच असतो असं नाही. आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात पडला तर रिकामा रकाना शून्य झालाय. साताऱ्याचा पॉइंट दक्षिणेला तीसेक किलोमीटर सरकला तर 17 अंश 40 मिनिटं 50 सेकंद हे कोणीतरी 17.4050 असं लिहिलंय. खरा दशांश 17.6806 आहे. अशा फाइलमध्ये दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे कुठल्याच ओळीत 59 च्या वर जात नाहीत. तुमच्या फाइलमध्ये मात्र सगळे पॉइंट समुद्रात आहेत, तेव्हा X field आणि Y field बदलून लेअर पुन्हा टाका. आधी तासगावातच दिसणारी एखादी बाग त्यानंतर बेअर आयलंडजवळ गेली तर ती ओळ एक्सेलमध्येच उलटी भरली गेली आहे.