लांब तक्त्यातील एका ओळीबद्दल विचारताना

६,००० ओळींचा साठ्याचा तक्ता भाषा-मॉडेलला दिल्यावर ‘४,८१२व्या ओळीत शिल्लक किती?’ असे विचारू नये, कारण मॉडेल ओळी मोजताना सहज चुकते. त्याऐवजी वस्तूचा संकेतांक द्यावा आणि ती संपूर्ण ओळ स्तंभांच्या नावांसह उतरवून मागावी. उदाहरणार्थ, मॉडेलने K-2207 या संकेतांकाची शिल्लक ३४० सांगितली, पण उतरवलेल्या ओळीतील वस्तूचे नाव K-2208 चे निघाले, तर उत्तर शेजारच्या ओळीतून आले आहे. मात्र ओळ नीट जुळली तरी तो पुरावा नव्हे, कारण फाइलचा शेवटचा भाग मॉडेलपर्यंत पोहोचलाच नसेल तर ओळ रचलेलीही असू शकते. म्हणून आकडा वापरण्यापूर्वी मूळ तक्त्यातच पडताळावा. A स्तंभात संकेतांक आणि D स्तंभात शिल्लक असेल, तर एक्सेलमध्ये हे सूत्र वापरावे:

```
=INDEX(D:D,MATCH("K-2207",A:A,0))
```

संकेतांक दोनदा आला असल्यास हे सूत्र पहिलीच नोंद दाखवते.