'उपाशी या' एवढंच लिहू नकोस

कॉन्ट्रास्ट सीटीच्या पत्रकाचा तुझा मसुदा वाचला. 'उपाशीपोटी यावे' हे वाक्य आधी काढ. आपल्याकडे उपाशी म्हणजे पाणीसुद्धा नाही, असंच लोक समजतात. मागच्या मे महिन्यात एक आजी पहाटेच्या एसटीने आल्या. रात्रीपासून घोटभर पाणी नाही, जीभ कोरडी, उठताना भोवळ. अंगात पाणी कमी असताना सीटीसाठी सुईतून कॉन्ट्रास्टचं औषध दिलं तर किडनीवर ताण येऊ शकतो. म्हणून असं लिही: 'तपासणीआधी चार तास जेवू नका. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत प्या. बीपीची गोळी घ्या.' शुगरच्या गोळीचं आणि डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेल्यांचं मात्र आधी विचारायला सांग.

त्याच आजींना 'अ‍ॅलर्जी आहे का?' विचारलं, तर 'नाही' म्हणाल्या. 'मागे अशा सुईनंतर अंगावर गांधी उठल्या होत्या का?' म्हटल्यावर लगेच हो म्हणाल्या! रेडिओलॉजिस्टनी त्या दिवशी तपासणी थांबवली. पत्रकात प्रश्न असाच विचार: गांधी, दम, ओठ सुजणं. दमा आणि किडनीचा आजारही विचार.

सुई देताना अंगात गरम वाटतं, लघवी झाल्यासारखं वाटतं, हेही लिही. बाया त्यानेच घाबरतात. नंतर अर्धा तास इथेच बसायचं, सलाईनची सुई तोवर काढायची नाही. घरी भरपूर पाणी. पुरळ दोन-तीन दिवसांनीही येऊ शकतं, तेव्हा फोन करायचा. दम लागला किंवा चेहरा सुजला तर फोनची वाट न पाहता १०८.