१० गावं की ५१ गावं? खुजेपणाच्या सर्व्हेतलं डिझाइन इफेक्टचं गणित

प्रश्न: तालुक्यात ५ वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपण किती टक्के आहे ते काढायचंय. फॉर्म्युल्याने ३५० मुलं आली. गाईड म्हणाले डिझाइन इफेक्ट २ धर, ७०० होतील, १० गावांतून ७०-७० मुलं घे. हे बरोबर आहे का? आणि २ च का?

उत्तर:

३५० बरोबर आहे. प्रमाण ३५ टक्के (एनएफएचएस-५ मध्ये महाराष्ट्राचं ३५.२ आलंय, म्हणजे तुमचा अंदाज ठीक आहे) आणि चूक अधिक-उणे ५ टक्के धरली की तेवढंच येतं. अडचण आहे ती १० गावांची.

डिझाइन इफेक्ट म्हणजे गावागावांतून गटाने मुलं घेतल्यामुळे साध्या रँडम पद्धतीपेक्षा किती पट मुलं घ्यावी लागतात तो आकडा. आधी ते २ कुठून आलं बघा. डब्ल्यूएचओची लसीकरण कव्हरेज मोजायची जुनी ३० क्लस्टरची, म्हणजे ३० गावं किंवा वस्त्या निवडायची पद्धत आहे, त्यात प्रमाण ५० टक्के आणि चूक अधिक-उणे १० धरली की ९६ येतात, दुप्पट केले की १९२, ते ३० क्लस्टरमध्ये वाटले की प्रत्येकी साधारण ७, म्हणून २१० मुलं. म्हणजे ते २ एका क्लस्टरमध्ये ७ मुलं असताना, आणि तेही लसीकरणासाठी धरलेलं आहे. लसीकरणात नर्सबाई गावात आल्या तर सगळ्यांना लस, नाही आल्या तर कुणालाच नाही, त्यामुळे एका गावातली मुलं एकमेकांसारखी निघतात. खुजेपणात तसं इतकं नसतं, पण तुम्ही एका गावातून ७ नाही, ७० घेताय.

डिझाइन इफेक्ट असा येतो:

```
DEFF = 1 + (m - 1) × ICC
```

m म्हणजे एका क्लस्टरमधली मुलं आणि ICC म्हणजे एकाच गावातली मुलं एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत त्याचं माप. खुजेपणासाठी ICC ०.०५ धरू. m ७० असेल तर १ + ६९ × ०.०५ = ४.४५. आता ७०० ला ४.४५ ने भागा, १५७ येतात, म्हणजे ७०० मुलांची उंची मोजून हातात माहिती साध्या रँडम पद्धतीने घेतलेल्या १५७ मुलांएवढीच, आणि चूक ५ ऐवजी जवळजवळ साडेसात टक्के होते.

बरं, मग त्याच १० गावांत अजून मुलं घेतली तर? मुलं कितीही वाढवली तरी मिळणारी माहिती क्लस्टरची संख्या भागिले ICC याच्या पुढे जातच नाही, इथे १० / ०.०५ = २०० मुलांएवढी. तुम्हाला ३५० ची हवीय, म्हणजे १० गावांत ती कधीच मिळणार नाही, निदान १८ गावं तर लागतीलच, आणि १८ घेतली तर प्रत्येकात इतकी मुलं लागतील की तेवढी गावात असतीलच असं नाही.

उलटं करा. एका गावातून १२ मुलं, दोघांची टीम असेल तर उंची नीट दोनदा मोजून हे साधारण एका दिवसाचं काम. DEFF = १ + ११ × ०.०५ = १.५५, म्हणजे ३५० × १.५५ = ५४३ मुलं. घर बंद, आई मजुरीला गेलेली, अशी १० टक्के मुलं सुटणार हे धरून ५४३ ला ०.९ ने भागा (१० टक्के मिळवू नका, कमी पडतात), ६०४ आले, १२ ने भागून ५१ गावं. एकूण ६१२ मुलं, म्हणजे ७०० पेक्षा कमी, आणि अधिक-उणे ५ खरोखर मिळतं. गाडीचा खर्च वाढेल हे मान्य, गाईडना पटवायचं असेल तर साडेसात विरुद्ध ५ हाच आकडा समोर ठेवा.

ICC आणायची कुठून? तुमच्यासारख्याच भागातल्या जुन्या सर्व्हेचा DEFF शोधा आणि उलट गणित करा, DEFF वजा १, भागिले m वजा १. समजा त्यांचा DEFF १.८ आणि क्लस्टरमध्ये ३० मुलं, तर ०.८ / २९ = ०.०२८. त्यांचा DEFF जसाच्या तसा उचलू नका, तो त्यांच्या m चा आहे. आणि एनएफएचएसच्या रिपोर्टमधल्या सॅम्पलिंग एररच्या तक्त्यात DEFT असतो, तो DEFF चं वर्गमूळ आहे, आधी त्याचा वर्ग करा, १.५ दिसला तर DEFF २.२५. नक्की काही मिळत नसेल तर ०.०३ आणि ०.०८ अशा दोन्ही टोकांना करून बघा, १२ मुलांवर DEFF १.३३ ते १.८८ होतो, ७० मुलांवर मात्र ३.०७ ते ६.५२. म्हणजे m लहान ठेवला की ICC चा अंदाज थोडा चुकला तरी फार बिघडत नाही.

गावं निवडताना लोकसंख्येच्या प्रमाणात निवडा, छोटे पाडे शेजारच्याला जोडून. आणि ॲनालिसिसमध्ये क्लस्टर सांगायला विसरू नका, स्टेटामध्ये

```
svyset village
svy: proportion stunted
```

एवढंच, नाहीतर सॉफ्टवेअर सगळ्या मुलांना सुटी मुलं समजतं आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल खोटाच अरुंद येतो.