आरबीआय लोकपालच्या नोटिशीला बँकेने उत्तर कसं द्यायचं?

प्रश्न: एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून कापले गेले, कस्टमर लोकपालकडे गेला. आमच्या अंधेरी ब्रँचला उत्तराचा ड्राफ्ट करायचाय, काय लिहू?

आधी तारखा लावा, माफीनामा नंतर. समजा 3 मार्चला 5,000 कापले आणि 20 मार्चला परत जमा झाले. आरबीआयच्या 2019 च्या सर्क्युलरनुसार टी प्लस 5, म्हणजे 8 मार्चपर्यंत रक्कम आपोआप परत यायला हवी होती, पुढे रोजचे 100 रुपये, म्हणजे 12 दिवसांचे 1,200, आणि हे कस्टमरने मागायची वाट न बघता द्यायचे असतात. ते दिले नसतील तर आजच जमा करा आणि उत्तरात एन्ट्रीची तारीख टाका, "देण्यात येतील" असलं काही लिहू नका, लोकपाल तिथेच पकडतो.

फॅक्ट्ससाठी मशीनचा ईजे लॉग, स्विच रिपोर्ट आणि त्या दिवसाची कॅश टॅली जोडा, टॅलीत 5,000 जास्त निघाले असतील तर ते सरळ मान्य करा.

सुधारणेत "स्टाफला सूचना दिल्या" हे वाक्य सगळेच टाकतात, त्याला काही अर्थ नाही. रिकन्सिलिएशन कुठे अडलं, आता ते रोज कोण बघणार, तेवढंच लिहा. आणि नोटिशीतली मुदत चुकवू नका, नाहीतर तुमची बाजू न ऐकताच निकाल लागू शकतो.